अडीच टक्के वाढले, म्हणजे नेमके किती वाढले?

२०२३ च्या उन्हाळ्यात, जुळे सोलापुरातील आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ संध्याकाळी हातात बँकेचा कागद घेऊन माझ्याकडे आले. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यात ते हिशेब सांभाळतात, त्यामुळे आकड्यांना बिचकणारा हा माणूस नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी २५ लाख रुपयांचे गृहकर्ज २० वर्षांच्या मुदतीने आणि ७ टक्के या बदलत्या दराने घेतले होते, आणि त्याचा महिन्याचा हप्ता १९,३८२ रुपये बसला होता. आता आलेल्या कागदावर दर ९.५० टक्के आणि हप्ता २३,३०० रुपयांच्या आसपास लिहिलेला होता.

“सर, वर्षभरात व्याज अडीच टक्क्यांनी वाढले हे मी पेपरात वाचतच होतो,” ते म्हणाले. “एकोणीस हजारांचे अडीच टक्के म्हणजे पाचशेच्या आतच की. तेवढे सोसता येईल, असे धरून मी चाललो होतो. हे तर चार हजार वाढवतायत. यांचा हिशेब चुकलाय का?”

बँकेचा हिशेब बरोबर होता आणि खरे सांगायचे तर गृहस्थांचा गुणाकारही बरोबरच होता, कारण १९,३८२ चे अडीच टक्के ४८५ रुपयेच होतात. घोटाळा होता तो ‘अडीच टक्क्यांनी वाढले’ या शब्दप्रयोगात. मराठीत हे एकच वाक्य दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरले जाते. दर मुळात जेवढा होता, त्याच्या अडीच टक्के इतकी भर त्यात पडली, हा त्याचा एक अर्थ. तसे झाले असते तर ७ चा दर ७.१७५ झाला असता. दर ज्या पट्टीवर मोजतात त्या पट्टीवर तो अडीच खुणा वर सरकला, हा दुसरा अर्थ. तसे झाले म्हणून ७ चा दर ९.५० झाला. पहिल्या अर्थाला टक्केवारीतील बदल म्हणतात. दुसऱ्यासाठी छापील मराठीत कोणी ‘टक्केबिंदू’ लिहितात, कोणी ‘टक्केवारी बिंदू’. मी येथे टक्केबिंदू हा शब्द वापरतो, कारण तो आटोपशीर आहे.

हा शब्द बोलण्यात कोणी वापरत नाही, हे मला मान्य आहे. परंतु त्यामागची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. हातउसन्या पैशांचा व्याजदर आजही आपल्या बाजारात ‘शेकडा दोन’, ‘शेकडा तीन’ असा सांगितला जातो, म्हणजे शंभर रुपयांमागे महिन्याला दोन किंवा तीन रुपये. ‘शेकडा दोनाचे शेकडा तीन केले’ असे कोणी म्हणाले, तर शंभरामागे एक रुपया वाढला हे ऐकणाऱ्याला तत्काळ कळते, आणि आपल्याला द्यावे लागणारे व्याज दीडपट झाले हेही त्याच्या लक्षात येते. शंभरामागे वाढलेला तो एक रुपया म्हणजे एक टक्केबिंदू आणि ते दीडपट होणे म्हणजे ५० टक्के वाढ. शेकड्याच्या भाषेत या दोन गोष्टी आपोआप वेगळ्या राहतात. ‘टक्के’ या शब्दात मात्र दोन्ही एकाच चिन्हाखाली येतात.

गृहस्थांच्या कर्जाकडे या नजरेने पाहिले की चार हजारांचा उलगडा होतो. एक टक्केबिंदू म्हणजे शंभर रुपयांमागे वर्षाला एक रुपया, म्हणून लाखामागे वर्षाला १,००० रुपये आणि महिन्याला साधारण ८३ रुपये. कर्जाच्या पहिल्या वर्षात मुद्दल फारसे उतरत नाही, तेव्हा सोयीसाठी पूर्ण २५ लाख शिल्लक आहेत असे धरू. अडीच टक्केबिंदूंनी दर वाढला, तर २५ लाखांवर वर्षाचे व्याज ६२,५०० रुपयांनी आणि महिन्याचे ५,२०८ रुपयांनी वाढते. पूर्वी पहिल्या महिन्याचे व्याज १४,५८३ रुपये होते, ते १९,७९२ रुपये होते. आता ही वाढ मूळ व्याजाच्या किती टक्के आहे ते काढले, तर ३५.७ टक्के येते, आणि अडीचला सातने भागले तरी तेच उत्तर येते. म्हणजे दर अडीच टक्केबिंदूंनी वाढला आणि व्याजाचा बोजा जवळपास ३६ टक्क्यांनी वाढला, ही दोन्ही विधाने एकाच घटनेविषयी आहेत आणि दोन्ही खरी आहेत. गृहस्थांनी अडीच हा आकडा पट्टीवरच्या खुणांचा घेतला आणि वापरला मात्र वाट्याचा म्हणून.

येथे एक शंका त्यांनी लगेच काढली आणि ती रास्त होती. व्याज ३६ टक्क्यांनी वाढले असेल, तर हप्ताही ३६ टक्क्यांनी, म्हणजे २६ हजारांच्या पुढे जायला हवा; तो २३,३०३ वरच कसा थांबला? याचे कारण असे की हप्त्यात व्याज आणि मुद्दल असे दोन वाटे असतात. दर बदलला की वाढते ते व्याज. फेडायचे मुद्दल २५ लाखच राहते. त्यामुळे २० वर्षांची मुदत तीच ठेवून नव्या दराने हप्ता पुन्हा बसवला, तर त्यात ३,९२१ रुपयांची, म्हणजे २०.२ टक्क्यांची भर पडते. उलट संपूर्ण २० वर्षांत भरायच्या व्याजाची बेरीज केली, तर ती २१.५ लाखांवरून ३०.९ लाखांवर जाते, म्हणजे ४३.७ टक्क्यांनी वाढते. ही वाढ दराच्या वाढीपेक्षाही जास्त आहे, कारण चढ्या दराने सुरुवातीच्या हप्त्यांतून मुद्दल सावकाश उतरते आणि न उतरलेल्या मुद्दलावर व्याज अधिक काळ चालू राहते.

एकाच बदलाचे चार आकडे झाले: २.५, ३५.७, २०.२ आणि ४३.७. यांपैकी फक्त पहिला टक्केबिंदूंत आहे आणि पेपरात तोच छापून येतो. उरलेल्या तिघांना टक्के म्हणणे बरोबर आहे, मात्र प्रत्येक वेळी ‘कशाचे टक्के’ हे सांगावे लागते: पहिल्या महिन्याच्या व्याजाचे, हप्त्याचे, की एकूण व्याजाचे. हा ‘कशाचे’ गाळला की बँकेची जाहिरात आणि बँकेवरची तक्रार, दोन्ही आपापल्या सोयीचा आकडा उचलतात.

गृहस्थांनी मग विचारले की हप्ता आहे तोच ठेवून मुदत वाढवून घेतली तर काय बिघडते. कारखान्यातील त्यांच्या एका सहकाऱ्याच्या कर्जाचे तसेच झाले होते. मी त्यांना दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवले. जुना हप्ता १९,३८२. नव्या दराने एका महिन्याचे निव्वळ व्याज १९,७९२. म्हणजे हप्ता पूर्ण भरूनही व्याजाचे ४१० रुपये अंगावर राहणार, ते मुद्दलात मिळणार आणि कर्ज फिटण्याऐवजी दर महिन्याला थोडे थोडे वाढत जाणार. अशा कर्जाची मुदत तीस काय, पन्नास वर्षे केली तरी ते फिटत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना या संदर्भात परिपत्रक काढून सांगितले की मुदत वाढवताना हप्ता व्याजालाही पुरत नाही अशी स्थिती येता कामा नये, आणि दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडे थोडे करायचे, याचा पर्याय कर्जदाराला द्यावा. गृहस्थांनी शेवटी हप्ता वाढवून घेतला.

आता हे अडीच टक्केबिंदू आले कोठून, तेही पाहण्यासारखे आहे, कारण टक्केबिंदू हे माप मुळात कशासाठी लागते ते तेथे दिसते. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे पैसे देते, तो रेपो दर एप्रिल २०२२ मध्ये ४ टक्के होता. मे महिन्यात तो ४.४०, जूनमध्ये ४.९०, ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरमध्ये ५.९०, डिसेंबरमध्ये ६.२५ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० झाला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे अशा एखाद्या बाहेरच्या दराशी बांधलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर पुन्हा बसवावा लागतो. आमच्या गृहस्थांचे कर्ज रेपो दराशी बांधलेले होते आणि बँकेने त्यावर स्वतःचे ३ टक्केबिंदू चढवलेले होते. ४ अधिक ३ म्हणजे ७, आणि ६.५० अधिक ३ म्हणजे ९.५०.

वाढ रेपो दरात झाली, ती कर्जाच्या दरात उतरली, आणि दोन्हीकडे ती अडीच टक्केबिंदूच राहिली, कारण मध्ये फक्त बेरीज आहे. टक्केवारीने पाहिले तर मात्र चित्र बदलते. चारावर अडीच म्हणजे ६२.५ टक्के वाढ आणि सातावर अडीच म्हणजे ३५.७ टक्के वाढ. ‘रेपो दर साडेबासष्ट टक्क्यांनी वाढला, बँकेने मात्र कर्जाचा दर पस्तीस टक्क्यांनीच वाढवला’ असे एखाद्याने लिहिले, तर बँकेने निम्मा भार स्वतः सोसला असे वाटेल, आणि ते साफ खोटे ठरेल. बँकेने एक पैसाही सोसलेला नाही. ज्या ठिकाणी एक दर दुसऱ्यावर चढवून तिसरा दर तयार होतो, त्या ठिकाणी बदल टक्केबिंदूंतच सांगावा लागतो, कारण बेरजेतून तो जसाच्या तसा पार जातो. याच कारणाने बँकेतील मंडळी टक्केबिंदूचेही शंभर भाग करून ‘बेसिस पॉइंट’ मोजतात. २५ बेसिस पॉइंट म्हणजे पाव टक्केबिंदू, आणि ‘पंचवीस बेसिस पॉइंट’ म्हटल्यावर तो दराचा वाटा असावा अशी शंका कोणाला येत नाही.

व्याजदरात हा गोंधळ इतका महाग पडतो, मग परीक्षेच्या निकालात तो वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात का येत नाही, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला होता. याचे उत्तर मूळ आकडा शंभरापासून किती दूर आहे, यात आहे.

बारावीचा राज्याचा निकाल २०२३ मध्ये ९१.२५ टक्के आणि २०२४ मध्ये ९३.३७ टक्के लागला. वजाबाकी केली तर वाढ २.१२ टक्केबिंदूंची आहे. टक्केवारीने काढायची तर २.१२ ला ९१.२५ ने भागायचे, आणि उत्तर येते २.३२ टक्के. दोन्ही आकडे सोयीसाठी पूर्णांकात आणले तर ‘दोन’च होतात. मूळ आकडा शंभराच्या जवळ असल्यामुळे त्याने भागणे म्हणजे जवळजवळ शंभरानेच भागणे होते, आणि शंभराने भागले तर टक्केबिंदू आणि टक्के एकच. म्हणून निकालाच्या बातमीत कोणीही काहीही म्हटले तरी निभावून जाते. व्याजदराचा मूळ आकडा चार, सात किंवा नऊ असा लहान असतो. त्याने भागल्यावर भागाकार फुगतो आणि दोन मापांत दहा-पंचवीस पटींचे अंतर पडते.

परंतु त्याच निकालाला उलटे केले, म्हणजे अनुत्तीर्णांची बाजू पाहिली, की तो व्याजदरासारखाच वागू लागतो. २०२३ मध्ये शंभरांत ८.७५ विद्यार्थी अनुत्तीर्ण होते, २०२४ मध्ये ६.६३. घट तीच, २.१२ टक्केबिंदूंची. टक्केवारीने मात्र ती २४.२ टक्के होते. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, निकाल ९१.८८ वर आला, म्हणजे १.४९ टक्केबिंदूंनी उतरला. उत्तीर्णांच्या बाजूने ही घट १.६ टक्के एवढीच आहे, म्हणून तिच्याकडे लक्ष जाणार नाही. अनुत्तीर्णांचे प्रमाण मात्र ६.६३ वरून ८.१२ वर, म्हणजे साडेबावीस टक्क्यांनी वाढलेले आहे. ‘निकालात किरकोळ घट’ आणि ‘नापासांच्या प्रमाणात साडेबावीस टक्के वाढ’ हे दोन मथळे एकाच निकालपत्रावरून, कोणताही आकडा खोटा न लिहिता देता येतात. टक्केबिंदूंची गंमत अशी की तो दोन्ही बाजूंनी सारखाच निघतो: उत्तीर्ण १.४९ ने कमी, अनुत्तीर्ण १.४९ ने जास्त. शंभरांतले दीड विद्यार्थी या रकान्यातून त्या रकान्यात गेले, एवढेच तो सांगतो.

या बाबतीत माझे स्वतःचे हातही स्वच्छ नाहीत. मी शहरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवत असताना निकालाचा फलक लिहिण्याचे काम माझ्याकडे असे. एका वर्षी आमच्या शाखेचे १५० विद्यार्थी परीक्षेला बसले होते आणि १२० उत्तीर्ण झाले होते, म्हणजे निकाल ८० टक्के. पुढच्या वर्षी १७५ बसले आणि १५४ उत्तीर्ण झाले, म्हणजे निकाल ८८ टक्के. कार्यालयातील संगणकावर दोन खान्यांत हे निकाल टक्क्यांत भरलेले होते. मी त्याखाली दोन सूत्रे टाकली:

```
=B2-A2
=(B2-A2)/A2
```

पहिल्याचे उत्तर पडद्यावर 8% असे आले आणि दुसऱ्याचे 10%. येथे खरा सापळा आहे. पहिले उत्तर टक्केबिंदूंचे आहे, तरीही खाना टक्क्यांचा असल्यामुळे संगणक त्यालाही टक्क्याचेच चिन्ह लावतो. टक्केबिंदूसाठी वेगळे चिन्ह त्याच्याकडे नाही, आपल्या कळफलकावरही नाही. दोन्ही आकड्यांना एकच चिन्ह लागलेले, दोन्ही हिशेबाने बरोबर. मी मोठा निवडला आणि फलकावर ठळक अक्षरांत लिहिले, ‘निकालात १० टक्के वाढ’.

दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीचे वडील आले, पूर्व भागात त्यांचे चार यंत्रमाग होते. त्यांनी फलक वाचला आणि शांतपणे विचारले, “सर, मागल्या वर्षी ऐंशी होता ना? मग औंदा नव्वद पाहिजे. इथं तर अठ्ठ्याऐंशी लिहिलंय.” मी त्यांना भागाकार समजावून सांगू लागलो, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आले की फलक वाचणारा कोणीही माणूस ‘१० टक्के वाढ’ याचा अर्थ ऐंशीचे नव्वद असाच घेणार. माझे वाक्य गणिताने खरे होते आणि वाचणाऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत खोटे होत होते. मी ते पुसून ‘निकाल ८० वरून ८८ टक्क्यांवर’ असे लिहिले, आणि खाली ‘१७५ पैकी १५४ उत्तीर्ण’ अशी ओळ जोडली.

त्याच चार आकड्यांतून मला आणखी काय काय लिहिता आले असते, ते मी नंतर वर्गात उदाहरण म्हणून देत असे. उत्तीर्णांची संख्या १२० वरून १५४ झाली, म्हणजे २८ टक्के वाढ. त्यात विद्यार्थीच जास्त बसले होते ही गोष्ट मात्र लपते. अनुत्तीर्णांची संख्या ३० वरून २१ झाली, म्हणजे ३० टक्के घट. अनुत्तीर्णांचे प्रमाण शेकडा २० वरून शेकडा १२ झाले, म्हणजे ४० टक्के घट. आठ, दहा, अठ्ठावीस, तीस, चाळीस: यांपैकी एकही आकडा खोटा नाही, आणि वर्गात जे घडले ते एकदाच घडले आहे. खासगी शिकवण्यांच्या फलकांवर यांपैकी कोणता आकडा येईल, हे सांगण्यासाठी ज्योतिषी लागत नाही.

टक्केबिंदूलाही मर्यादा आहेत, आणि निकालाच्या बाबतीत त्या विशेष जाणवतात. २५ विद्यार्थ्यांच्या तुकडीत एका विद्यार्थ्याने निकाल ४ टक्केबिंदूंनी हलतो. तापामुळे एक जण पेपरात गळाला आणि निकाल ९६ वरून ९२ वर आला, तर त्यावरून शिकवण्याविषयी काही ठरवणे धाडसाचे होईल. दुसरे असे की ५० वरून ५५ वर जाणे आणि ९५ वरून १०० वर जाणे या दोन्ही वाढी पाच टक्केबिंदूंच्याच आहेत, पण पहिल्या ठिकाणी दर दहा अनुत्तीर्णांपैकी एकच विद्यार्थी वाचला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी एकही अनुत्तीर्ण उरलेला नाही. हे अंतर टक्केबिंदू दाखवू शकत नाही. तेथे अनुत्तीर्णांच्या प्रमाणातील टक्केवारीच कामाची, पहिल्या ठिकाणी १० टक्के घट आणि दुसऱ्या ठिकाणी १०० टक्के.

बातमी वाचताना लिहिणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ आहे हे ओळखायला मराठीचे प्रत्ययच पुष्कळ मदत करतात, जरा थांबून पाहिले तर. ‘साडेसहा टक्क्यांवर गेला’ किंवा ‘साडेसहा टक्क्यांपर्यंत वाढला’ यात दर कोठे पोहोचला ते सांगितलेले आहे, किती वाढला ते नाही. ‘साडेसहा टक्क्यांनी वाढला’ यात किती वाढला ते आहे, कोठे पोहोचला ते नाही, आणि टक्केबिंदू की टक्के हा घोळ नेमका या ‘नी’मध्ये असतो. ‘वर’ च्या जागी ‘नी’ पडले की बातमीचा अर्थच पालटतो, आणि घाईत लिहिलेल्या मजकुरात ते पडते. त्याउलट ‘पाव टक्का’, ‘अर्धा टक्का’ हे आपले शब्द या बाबतीत बरेच भरवशाचे आहेत. ‘रेपो दरात पाव टक्का कपात’ याचा अर्थ वाट्याने घेतला, तर साडेसहाचा दर ६.४८ च्या आसपास येईल, आणि असला दर कोणी जाहीर करत नाही. म्हणून तेथे पाव टक्केबिंदूच अभिप्रेत असतो. ‘पट’ हा शब्दही निःसंदिग्ध आहे. ‘व्याज दीडपट झाले’ असे लिहिल्यावर कोणी पट्टीवरच्या खुणा मोजत नाही.

जेथे असा भाषेचा आधार नसतो तेथे आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे शोधावेत आणि वजाबाकी करून पाहावी. वजाबाकीचे उत्तर बातमीतल्या आकड्याशी जुळले तर ते टक्केबिंदू. न जुळले तर त्या वजाबाकीला आधीच्या आकड्याने भागून पाहावे. दोन्हीपैकी एक आकडा दिलाच नसेल, तर मी ती बातमी बाजूला ठेवतो. ‘आमच्याकडील ठेवींवरील व्याजात दहा टक्के वाढ’ असा फलक एखाद्या पतसंस्थेच्या दारात दिसला आणि त्यावर जुना दर लिहिलेला नसला, तर ८ चे ८.८० झालेले असणार, १८ नव्हे.

ठेवीदाराच्या बाजूने हा हिशेब जरा अधिक बोचतो, हे येथे सांगायला हवे. सोलापुरात गिरणीतून किंवा सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन ठेवीच्या व्याजावर घर चालवणारी माणसे प्रत्येक गल्लीत आहेत. पाच लाखांच्या ठेवीवरचा दर ७ वरून ६ झाला, तर ‘एकच टक्का कमी झाला’ असे बँकेच्या खिडकीवर सांगितले जाते. वर्षाला ३५,००० रुपये मिळत होते, ते ३०,००० झाले. दर एका टक्केबिंदूने उतरला आणि उत्पन्न सव्वाचौदा टक्क्यांनी घटले. किराणा मात्र त्या एका टक्क्याने स्वस्त झालेला नसतो.

चढताना आणि उतरताना टक्केवारी सारखी राहत नाही, ही आणखी एक बाब. चारावरून साडेसहावर जाणे ही ६२.५ टक्के वाढ, पण साडेसहावरून पुन्हा चारावर येणे ही ३८.५ टक्केच घट, कारण दुसऱ्या वेळी भागायचा आकडा मोठा असतो. त्यामुळे ‘वाढवले साडेबासष्ट टक्के आणि कमी केले अडतीस टक्के’ अशी तक्रार कोणी केली, तरी दर मूळ जागी परत आलेला असू शकतो. टक्केबिंदूंत अडीच वर आणि अडीच खाली, हिशेब मिटला.

प्रत्यक्षात दर तितका खाली आला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत तो ६.२५ झाला, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५. डिसेंबरची बातमी आली त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पुन्हा जिन्यात भेटले. या वेळी हातात कागद नव्हता. “साडेसहाचे सव्वापाच, म्हणजे सव्वा टक्केबिंदू,” ते म्हणाले, तो शब्द जरा चाचपडतच उच्चारून. “माझे साडेतेवीस लाखांच्या आसपास राहिलेत. लाखामागे वर्षाला साडेबाराशे, म्हणजे एकोणतीस हजारांच्या वर. महिन्याला दोन हजार चारशेचे व्याज कमी. बरोबर ना, सर?” मी बरोबर म्हणालो. मग त्यांनी विचारले की बँक आता हप्ता कमी करून देईल, की मुदत कमी करील, आणि दोहोंत फायद्याचे काय. हप्ता आहे तोच ठेवा, हे दोन हजार चारशे मुद्दलात जाऊ द्या, असे मी सांगितले. मुलीच्या कॉलेजची फी भरायची असल्याने त्यांना ते पटले नाही.